टोचलेल्या सुईची नोंद कुठे आहे?

मागच्या महिन्यात देवगाव रंगारीच्या आपल्या वस्तीत बसले होते. एका मावशीने पदराआडून उजवा हात पुढे केला. अंगठ्याजवळ बारीक काळा ठिपका होता. "सिस्टर, कचऱ्यात इंजेक्शनची सुई टोचली, चार दिवस झाले. हळद लावलीय. काही होत तर नाही ना?" मी विचारलं, मुकादमाला सांगितलंत का? त्या हसल्या. म्हणाल्या, "सांगून काय, तो म्हणणार नीट बघून काम कर. आणि घरी सांगितलं तर सून ताटवाटी वेगळी करील."

या दोन वाक्यांवर मला आज लिहायचं आहे. ड्रेनेजमध्ये, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्याचा विषय वेगळा आहे. त्याला 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यावर या पानावर स्वतंत्र लेख लागेल. आज रोज झाडू मारणाऱ्या, घंटागाडीवर चालणाऱ्या, दवाखान्याची फरशी पुसणाऱ्या माणसांबद्दल बोलू.

आधी माझा एक अनुभव सांगते. जीएनएम होऊन मी एका मोठ्या दवाखान्यात लागले तेव्हा पहिल्याच वर्षी मला सुई टोचली. इन्चार्ज सिस्टरने लगेच रजिस्टर काढलं. तारीख, वेळ, कोणत्या बोटाला, कोणत्या पेशंटची सुई, सगळं लिहिलं. तासाभरात माझं रक्त तपासायला गेलं आणि औषधाचा पहिला डोस हातात आला. पुढे काही महिन्यांनी त्याच वॉर्डातल्या सफाईच्या बाईंना काळी पिशवी उचलताना सुई टोचली. सुई त्या पिशवीत टाकणारे आम्हीच, टोचली त्यांना. मी रजिस्टर आणलं तर मला सांगण्यात आलं, "त्या कंत्राटदाराच्या आहेत, आपल्या नाहीत." डेटॉल लावून त्यांना परत कामाला पाठवलं. सुई तीच, वॉर्ड तोच, फक्त रजिस्टर वेगळं, म्हणजे त्यांचं रजिस्टरच नव्हतं. अस्पृश्यता कायद्याने गेली असं शाळेत शिकले होते. ती कुठे जाऊन बसली ते त्या दिवशी कळलं. नोकरी सोडायला पुढे बरीच वर्षं लागली, पण सुरुवात तिथे झाली.

आता मावशींच्या हाताकडे येऊ. सुई टोचल्यावर काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं.

पहिल्या मिनिटाला काम थांबवायचं, वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवायचा. जखम पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही, हळद, चुना, रॉकेल काही लावायचं नाही. पिळल्याने आतली कातडी आणखी दुखावते, विषाणू बाहेर येत नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. गावातून निघायचं तर आधी जवळच्या आरोग्य केंद्रात, आणि तिथे औषध नसेल तर वेळ न घालवता शहरात घाटीला. एचआयव्ही टाळण्याचं औषध शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं. त्यानंतर ते सुरू करत नाहीत, कारण उपयोग होत नाही. सुरू केलं तर 28 दिवस रोज घ्यायचं. औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर सुई कशी होती, जखम किती खोल, यावरून ठरवतात. रक्ताची पहिली तपासणी त्याच वेळी होते आणि नंतर दीड महिन्याने, तीन महिन्यांनी पुन्हा.

लोक सगळे एचआयव्हीला घाबरतात. मी तुम्हाला वेगळी भीती सांगते. एचआयव्ही असलेल्या माणसाची ताजी सुई टोचली तरी हजारात साधारण तिघांनाच लागण होते, आणि कचऱ्यात पडून वाळलेल्या सुईने तर त्याहून कितीतरी कमी. पण हिपॅटायटीस बी, म्हणजे काविळीचा एक प्रकार, याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला अशा रुग्णाची सुई टोचली तर शंभरात तिसापर्यंत लोकांना लागण होऊ शकते. त्यातल्या काहींचं यकृत हळूहळू खराब होतं, वीस वर्षांनी पोटात पाणी होतं, तेव्हा घरचे म्हणतात दारूनेच झालं असेल. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याच्याबद्दलही म्हणतात.

आणि या रोगाला लस आहे. तीन डोस: आज पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्ताची एक तपासणी केली की लस लागू पडली की नाही ते कळतं. मावशींच्या बाबतीत 72 तास उलटून गेले होते, एचआयव्हीच्या औषधाची वेळ गेली होती. पण हिपॅटायटीसची लस तेव्हाही सुरू करता येते, आणि लस न घेतलेल्याला सात दिवसांच्या आत वेगळं तयार प्रतिपिंडाचं इंजेक्शनही देता येतं. म्हणून त्याच दुपारी त्यांना घेऊन गेले. धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं. घाण जखम असेल आणि शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं असेल तर ते घ्यावंच लागतं. मावशींना शेवटचं कधी घेतलं तेच आठवेना. बहुतेक धाकट्याच्या बाळंतपणात.

इथे मालकाचं काम सुरू होतं. मालक म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, दवाखाना, सोसायटी, नाही तर त्यांनी नेमलेला कंत्राटदार. लस टोचल्यानंतर नाही, कामावर घेतल्याच्या दिवशी सुरू व्हायला हवी. आता सहा महिन्यांचा हिशेब बघा. कंत्राट बरेचदा अकरा महिन्यांचं असतं, कधी त्याहूनही कमी. माणूस मध्येच लागला, दोन डोस झाले, तिसऱ्याच्या आधी कंत्राटदार बदलला. नवा म्हणतो, माझ्याकडे कागद नाही. जुना फोन उचलत नाही. मी पाहिलेल्या लसीच्या कार्डांत तिसरी रकाना रिकामी असलेली कार्डं सर्वात जास्त आहेत. कारण आळस नाही, कारण कंत्राट आहे. अशा वेळी पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. उरलेला डोस उशिरा घेतला तरी चालतो. म्हणून कार्ड कंत्राटदाराच्या फाईलीत ठेवू नका. घरच्या डब्यात, आधार कार्डाशेजारी ठेवा, आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. प्रौढांसाठीची ही लस प्रत्येक सरकारी केंद्रात असतेच असं नाही. म्हणून ती विकत आणून देणं हे मुख्य मालकाच्या खर्चात धरलं पाहिजे, म्हणजे कंत्राटाच्या अटींतच लिहिलं पाहिजे. अटींत लिहिलं नाही तर कंत्राटदार ते करणार नाही, त्याने दर त्या हिशेबाने भरलेलाच नसतो.

कागद किती महत्त्वाचा असतो हे समजून घ्यायला मुंबईचं एक प्रकरण आपल्या प्रत्येक सफाई कामगाराने माहीत करून घ्यावं. मुंबई महापालिकेत कचरा उचलणारे हजारो लोक वर्षानुवर्षं कंत्राटावर होते. कामाची जागा पालिकेची, गाडी कुठे जायची ते पालिका ठरवणार, देखरेख पालिकेची, पण कामगार मात्र पालिकेचे नाहीत. एका पद्धतीत तर त्यांना कामगार म्हणायचंच टाळलं. स्वयंसेवक म्हटलं आणि पगाराला मानधन. शब्द बदलला की किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा, सगळ्यातून सुटका. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे औद्योगिक न्यायाधिकरणात नेलं. 2014 मध्ये निकाल लागला की ही कंत्राटं केवळ दिखाव्याची आहेत, खरा मालक पालिका आहे. पालिका वर गेली. 7 एप्रिल 2017 ला सर्वोच्च न्यायालयानेही 2,700 कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला.

गोष्ट इथे संपत नाही. निकालानंतरही शेकडो कामगार अडकले, आणि कशामुळे? नावामुळे. निकालाच्या यादीतलं नाव आणि आधार कार्डावरचं नाव जुळेना. कुणाचं आडनाव वेगळं लिहिलेलं, कुणाच्या वडिलांचं नाव चुकलेलं, कुणाचं हाक मारायचं नाव हजेरीवर पडलेलं. मुकादमाने कामगाराचं नाव नीट विचारून लिहायची तसदी घेतली नाही, कारण त्याच्या लेखी ते नाव महत्त्वाचं नव्हतंच. "ए झाडूवाली", "ए कचरा" अशी हाक मारणाऱ्याच्या वहीत पूर्ण नाव कशाला असेल? त्या चुकीची किंमत जिंकलेला खटला हातात असूनही लोकांनी भरली. बाबासाहेबांनी मुंबईच्या पालिका कामगारांचा संघ उभा केला होता हे आपण जयंतीला सांगतो. पण हजेरीपत्रकावर आपलं नाव कसं लिहिलंय ते किती जणांनी पाहिलंय?

कायम कामगाराला आणखी एक गोष्ट मिळते, लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशीनुसार वारसाला नोकरी. कंत्राटी कामगाराला ती नाही. वारसाने मुलाच्या हातात पुन्हा झाडूच यावा का, यावर माझं मत कडू आहे, ते इथे लिहीत नाही. पण कायम आणि कंत्राटी यातला फरक किती मोठा आहे ते यावरून कळेल.

आता पगाराकडे. शहरात कंत्राटदाराकडे असलेल्या एका दादांची पगारचिठ्ठी आम्ही मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचली. आकडे सोपे करून सांगते. समजा एकूण पगार 14,000 रुपये, आणि सगळा मूळ वेतन आणि विशेष भत्त्याचाच आहे. भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,680 रुपये कापले जातात. ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे 105 रुपये. व्यवसाय कर सोडला तर हातात 12,215. मालकाकडूनही जायला हवं: निधीचे 1,680 आणि ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे 455. दादांच्या चिठ्ठीवर कपात होती. मोबाईलवर युएएनचं पासबुक उघडलं तर मागच्या पाच महिन्यांची एकही रक्कम जमा नव्हती. कापलेले पैसे कुठे गेले? हे तपासायला वकील लागत नाही, युएएन नंबर लागतो. तो नंबर चिठ्ठीवर नसेल तर तिथेच शंका घ्या. किमान वेतनातला विशेष भत्ता दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला नव्याने जाहीर होतो. दोन्ही महिन्यांनंतरच्या चिठ्ठीवर आकडा हललाच नाही तर तेही विचारायचं. आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. म्हणजे अर्ज दोघांच्या नावे करायचा, एकट्या कंत्राटदाराच्या नाही.

ईएसआयचे ते 105 रुपये पाहून कामगार म्हणतात, कशाला कापता, रोख द्या. असं म्हणू नका. आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले योजना दवाखान्यात भरती झाल्यावर, ठरलेल्या उपचारांना कामी येते, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण सुई टोचली, पाय मुरगळला, त्वचेला बुरशी झाली, तर भरती होत नाही. आणि घरी बसलेल्या दिवसांची मजुरी त्या कार्डावर मिळत नाही. ईएसआयमध्ये बाह्य तपासणी आणि औषधं आहेत, घरच्यांनाही आहेत. कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून हक्क लागू होतो आणि काम बंद असलेल्या काळात मजुरीच्या 90 टक्क्यांच्या आसपास पैसे मिळतात. मात्र मालकाने अपघाताचा अहवाल भरला पाहिजे. पुन्हा तिथेच आलो, नोंद. "नीट बघून काम कर" असं म्हणून मुकादम जेव्हा विषय संपवतो तेव्हा तो फक्त हिडीसफिडीस करत नसतो, तो मावशींची भरपाई बुडवत असतो.

ग्रामपंचायतीच्या थेट नोकराला ईएसआय सहसा नसते. त्याच्या पगाराचा काही भाग शासन देतं, आणि तो भाग गावच्या करवसुलीशी जोडू नका ही ग्रामपंचायत कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. घरपट्टी गावाने थकवायची आणि उपाशी राहायचं झाडूवाल्याने, हा कुठला न्याय? म्हणून ग्रामसभेत पाणीपुरवठा आणि रस्त्याचा खर्च विचारतो तसा सफाई कामगाराच्या लसीचा, बुटाचा आणि आरोग्य तपासणीचा खर्चही विचारायला हवा.

बूट-हातमोज्यांबद्दल थोडं. 2016 च्या घनकचरा नियमांत गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क कामगाराला द्यायला सांगितलं होतं. बऱ्याच ठिकाणी ते दिलेही जातात, वर्षातून एकदा, फोटो काढून. मग बाया ते घालत नाहीत आणि साहेब म्हणतात, "यांना सवयच नाही." मी हातमोजे हातात घेऊन पाहिले. पुरुषांच्या मापाचे, बाईच्या बोटांना दीड इंच लोंबणारे. झाडू धरता येत नाही. दुसरीकडे दवाखान्यातले पातळ पांढरे हातमोजे दिलेले, ज्यातून सुई लोण्यासारखी जाते. कचऱ्याला जाड रबरी, कोपरापर्यंतचे, मापाचे हातमोजे लागतात आणि दोन जोड लागतात, एक वाळत असताना दुसरा घालायला. ओल्या हातमोज्यात रोज हात घातला की बोटांच्या बेचक्यात खाज आणि पांढरी बुरशी येते, आणि तो हात पाहून शेजारीण हातचं पाणी घेत नाही. जाड हातमोजाही सुई पूर्ण थांबवत नाही, म्हणून लांब चिमटा हवाच.

प्रशिक्षणही तसंच. सभागृहात बसवून पडद्यावर चित्र दाखवलं की झालं, असं नाही. अर्धा तास पुरतो, पण सकाळी हजेरीच्या शेडमध्ये, खऱ्या पिशव्या घेऊन. पिशवी गळ्यापाशी धरायची, खालून हात लावायचा नाही. मांडीला घासत न्यायची नाही, शरीरापासून लांब धरायची. जागा करायला पायाने किंवा हाताने कचरा दाबायचा नाही. टोचलं तर कुठे जायचं, कोणाच्या गाडीने, कोणाचा फोन, हे शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात. त्याच शेडमध्ये नळ आणि साबण नसेल तर बाकीचं शिकवू नका. साबण नसलेल्या शेडमध्ये प्रशिक्षण घ्यायला मला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मी आधी साबण आणायला माणूस पाठवला. बायांसाठी दाराला कडी असलेलं संडास आणि कपडे बदलायची जागा तिथेच हवी. दिवसभर पाणी न पिणाऱ्या, लघवी दाबून धरणाऱ्या बायांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होतो. त्या मला सांगतात, "पाणी मागितलं तर वरून ओततात सिस्टर, म्हणून मागतच नाही." तहान आणि अपमान यांतून त्या तहान निवडतात, आणि त्याचा रिपोर्ट माझ्याकडे लघवीच्या तपासणीत येतो.

हे सगळं मालकाला सांगताना आपल्याच घरात पाहावं लागेल. लग्नाच्या बायोडेटावर मुलाचं काम "हाऊसकीपिंग सुपरवायझर" असं लिहून आणणारे पालक मी पाहिलेत, तो झाडू मारतो हे लपवायला. आपल्यातलेच काही जण मेहतर, वाल्मिकी कुटुंबांच्या घरी चहा घेत नाहीत. विहाराच्या कार्यक्रमाला सफाई करायला बोलावतात आणि जेवायच्या पंगतीला वेगळं बसवतात. मावशींच्या सुनेला मी भेटले. ती वाईट नाही. तिला वाटत होतं सुई टोचलेल्या माणसाच्या ताटातून रोग पसरतो. हिपॅटायटीस बी, सी किंवा एचआयव्ही एका ताटात जेवल्याने, एका घागरीचं पाणी प्यायल्याने होत नाही. तपासणी पूर्ण होईपर्यंत दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवायचा आणि नवरा-बायकोने निरोध वापरायचा, एवढंच पथ्य. तिने ऐकलं. ताट वेगळं केलं नाही.

आणखी एक, जी सुई मावशींना टोचली ती कोणाच्या तरी घरातूनच आली. आपल्या वस्तीत इन्सुलिन घेणारे किती आहेत पाहा. वापरलेली सुई टोपण लावत न बसता जाड प्लास्टिकच्या डब्यात, फिनेलच्या रिकाम्या बाटलीत टाकायची. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून आरोग्य केंद्रात द्यायची, कचऱ्यात नाही. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने ही खूण रुजवली. त्या ठिपक्याने उचलणाऱ्याला उघडून पाहावं लागत नाही.

मावशींचा पहिला डोस झाला, दुसऱ्याची तारीख कार्डावर लिहिली आहे. अपघाताची नोंद करा असा अर्ज मुकादमाने घेतला नाही, म्हणून आम्ही तो कंत्राटदार आणि मुख्य मालक दोघांच्याही कार्यालयात आवक शिक्क्यासह दिला. अर्जावर मावशींचं नाव आधार कार्डाप्रमाणे पूर्ण लिहिलं आहे, सही त्यांनी स्वतः केली. तिसऱ्या डोसपर्यंत कंत्राट बदलणार आहे. त्या तारखेला मी त्यांच्या दारात असेन.